डी लायसनचा रकाना

बारा ऑगस्टला फॉर्म भरायची शेवटची वेळ संध्याकाळी पाचची होती आणि चार वाजून दहा मिनिटांनी बाळाराम क्लार्कचा कॉम्प्युटर एका रकान्यापाशी अडला. आंतरशालेय मुलींच्या फुटबॉल लीगचा फॉर्म. खेळाडूंची नावं, जन्मतारखा, आधारचे शेवटचे चार आकडे, सगळं भरून झालं होतं. आता 'मुख्य प्रशिक्षक : लायसन (किमान डी)' आणि त्याच्या शेजारी 'लायसन क्रमांक' एवढंच राहिलं होतं. क्रमांक रिकामा ठेवला की पुढचं पान उघडत नव्हतं.

"मॅडम, तुमचा नंबर सांगा," बाळाराम म्हणाला.

धम्मदिना त्याच्या खुर्चीमागे उभी होती. वय चौतीस. शाळेत तीन वर्षांपासून कंत्राटी फुटबॉल प्रशिक्षक. करार दर जूनला नवा. त्याआधी ती बारा वर्षं खेळली. ठाणे जिल्ह्याकडून, मग मुंबईच्या एका क्लबकडून आणि एक हंगाम महाराष्ट्राच्या संघातून. डावा गुडघा दोनदा उघडून झाल्यावर खेळ थांबला.

"माझं डी अजून झालेलं नाही. कोर्स या महिन्याच्या शेवटी आहे."

"मग ह्यो काय हाय?" त्याने फाइलमधून एक सर्टिफिकेट काढलं. लहान मुलांना खेळाची ओळख कशी करून द्यायची, याचं दोन दिवसांचं शिबिर तिने दोन वर्षांपूर्वी केलं होतं. त्याला परीक्षा नव्हती. दोन दिवस हजर राहिलेल्या प्रत्येकाला ते मिळालं होतं. तळाशी उजवीकडे बारीक अक्षरात एक क्रमांक छापलेला होता.

"हे लायसन नाही, बाळारामभाऊ. हजेरीचं आहे."

"नंबर हाय ना पण? फुटबॉलवाल्यांचाच शिक्का हाय. टाकू का? पन्नास मिनिटं राहिलीत, आणि लाइट कधी जाईल त्याचा न्हेम न्हाय."

तिने घड्याळाकडे पाहिलं. खिडकीतून समोरच्या यंत्रमागांच्या, लूमच्या शेडचा खडखडाट येत होता. कोन गावाच्या या भागात तो इतका नेहमीचा की बंद पडला तरच लोक मान वर करत. अठरा मुली मे महिन्याच्या उन्हात सरावाला आल्या होत्या. आणि मनात दुसरंही एक होतं, जे ती मोठ्याने बोलली नसती. महाराष्ट्राची जर्सी घातलेल्या बाईला सगळ्यात खालच्या पायरीचं हे डी काय शिकवणार? पोहणाऱ्याला गुडघाभर पाण्याची परीक्षा. महिन्याभरात कागद येईलच, मग रकाना दुरुस्त करून घेऊ.

"टाका," ती म्हणाली.

प्रिंट निघाली. 'वरील माहिती खरी आहे' याच्या खाली तिने सही केली. मुख्याध्यापिका मृणाली मॅडमनी मीटिंगमधून उठून, न वाचता, शिक्का मारला.

ऑगस्टचा कोर्स झाला नाही. पुरेशी नावं आली नाहीत म्हणून राज्य संघटनेने तो पुढे ढकलला. आधी ऑक्टोबर, मग डिसेंबर. लीग मात्र वेळेवर सुरू झाली. सामन्याच्या दिवशी कोणी लायसन मागितलं नाही. यादीवर नाव होतं, यादी फॉर्मवरून आली होती. मुलींनी गटातले चारही सामने जिंकले. शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर मुलींपेक्षा संस्थेचे अध्यक्ष केसरीनाथ पाटील मोठे होते. त्यांची भातशेती होती तिथे आता गोदामं होती, आणि गोदामांच्या मागच्या तुकड्यावर ही शाळा.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी धम्मदिना ठाण्याला डी कोर्ससाठी गेली. सहा दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सहा. चोवीस जण. पहिल्याच तासाला इन्स्ट्रक्टरनी सांगितलं की एकही सत्र चुकलं तर कोर्स पुरा धरला जाणार नाही. पन्नाशीचे, उन्हाने रापलेले, आवाज न चढवणारे गृहस्थ. त्यांनी फळ्यावर एक शिडी काढली. सगळ्यात खाली डी, त्यावर सी, बी, ए आणि टोकाला प्रो.

"वरच्या पायऱ्यांना मधे अंतर आहे," ते म्हणाले. "डी झालं की लगेच सी नाही. मधल्या काळात संघ शिकवलेला असला पाहिजे. इथे बरेच जण मोठं खेळलेले आहेत, मला माहीत आहे. खेळ तुमच्या पायात आहे. या सहा दिवसांत तो पायातून काढून तोंडात आणि डोळ्यात घालायचाय."

दुपारच्या डब्याच्या वेळी शेजारी एक तरुण येऊन बसला. ओमकार. गटात ज्यांना त्यांनी तीन-एकने हरवलं होतं, त्या कल्याणच्या शाळेचा तो सहायक प्रशिक्षक.

"मॅडम, ओळखलंत ना? तुमच्या त्या दहा नंबरच्या मुलीने आमची पार वाट लावली." तो हसला. मग डब्याचं झाकण हातात तसंच राहिलं. "पण तुम्ही इथे कशा? तुमचं डी झालंय ना? आमच्या सरांनी फॉर्मची यादी दाखवली होती. आमचे सर डीवाले, म्हणून ते मुख्य. माझं नाही, म्हणून मी पाण्याच्या बाटल्या उचलतो."

धम्मदिनाने भाकरीचा तुकडा मोडला. प्रश्न टोचायला हवा होता. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी कमरेत भुलीची सुई दिल्यावर डॉक्टरांनी पायाला टाचणी लावून विचारलं होतं, कळतंय का. टाचणी दिसत होती, कळत काही नव्हतं. तसंच झालं.

"माझं राहिलंय," ती म्हणाली.

ओमकारने तिला लोणचं दिलं आणि ऑफसाइडच्या नियमाबद्दल बोलत राहिला.

तिसऱ्या दिवशी तिची सरावाची पाळी आली. चिठ्ठी उघडली : 'बारा वर्षांखालील मुलं, दबावाखाली पास घेणं, वीस मिनिटं.' खेळाडू म्हणून बाकीचे कोर्सवालेच. दाढ्या वाढलेले, पोटं सुटलेले बारा वर्षांचे. तिने प्लास्टिकचे कोन मांडले, चौकोन केला, चार विरुद्ध दोन लावले. दोन मिनिटं ठीक गेली. मग एकाने पास अंगावर घेतला, पाठ वळवून, आंधळेपणाने. तिने शिट्टी मारली, आत शिरली, चेंडू घेतला, खांद्यावरून मागे पाहिलं, पायाच्या बाहेरच्या कडेने वळवला आणि दोघांच्या मधून काढला. बघणाऱ्यांतून 'वा' आली. नंतर ती तीनदा आत शिरली. तीनदा चेंडू तिच्याच पायात राहिला.

इन्स्ट्रक्टरनी शेवटी जवळ बोलावलं. "किती वर्षं शिकवताय?"

"तीन."

"वीस मिनिटांत चेंडू सगळ्यात जास्त कुणाकडे होता?"

तिने पायाशी राहिलेल्या चेंडूकडे पाहिलं.

"तुम्ही सुंदर खेळलात. शिकवलं नाही. खेळ थांबवा, त्याच जागी सगळ्यांना उभं करा. मुलाला विचारा, मागे कोण आहे? त्याला बघू द्या. मग त्यालाच पुन्हा करायला लावा. दाखवायचं तर एकदाच, आणि बाहेर पडायचं. तुम्ही आत राहिलात की मुलं मागे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात."

घरी जाताना बसमध्ये तिला आपल्या अठरा मुली एकेक करून आठवल्या. दहा नंबरची शगुफ्ता चांगली का, तर ती धम्मदिनासारखी वळायची. बाकीच्या सतरा जणी चेंडू आला की बेंचकडे बघायच्या. तीन वर्षं तिला वाटत होतं की त्या तिच्या शिट्टीची वाट बघतात, शिस्त आहे. चारही सामन्यांतल्या नऊ गोलांपैकी सात शगुफ्ताचे होते. हे आकडे तिला पाठ होते. त्यांचा अर्थ आज लागला. लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. फक्त आकडे दिसत राहिले.

कल्याण नाक्याजवळच्या घरी आई, कौसल्याबाई, टीव्हीचा आवाज बारीक करून बसली होती.

"झालं का गं दिना आजचं?"

"झालं."

"जमतंय का?"

"नव्हतं जमत. आता जमेल."

"मग तोंड का असं?"

"असंच आहे ते," धम्मदिना म्हणाली आणि हात धुवायला गेली.

सहाव्या दिवशी लेखी परीक्षा आणि शेवटचं प्रात्यक्षिक झालं. या वेळी ती एकदाच आत गेली आणि बाहेर पडली. निघताना तिने इन्स्ट्रक्टरना गाठलं.

"सर, एखाद्याने डी नसताना डी लिहिलं, आणि नंतर डी मिळालं. तर?"

"लायसनवर तारीख असते. त्या तारखेपासून तुम्ही डी. आदल्या दिवशी नाही. आदल्या दिवसाचं ज्याने लिहिलं त्याने निस्तरायचं." कोन गोळा करायला ते वाकले आणि तसेच म्हणाले, "लवकर निस्तरलेलं बरं."

तिने लवकर निस्तरलं नाही. सोमवारी ती शाळेत गेली, सराव घेतला, नव्या पद्धतीने घेतला. पुढच्या सोमवारी लीगचं पत्र आलं. कल्याणच्या शाळेने हरकत घेतली होती : फॉर्मवर दिलेला क्रमांक लायसनचा नाही. प्रशिक्षकाच्या लायसनची प्रत आणि शाळेचा खुलासा गुरुवारी दुपारी बारापर्यंत द्यावा. उपांत्य सामना रविवारी होता.

बुधवारी सकाळी तिच्या डीचा निकाल लागला. उत्तीर्ण. महासंघाच्या पोर्टलवर तिच्या नावापुढे लायसन दिसू लागलं, खाली सतरा डिसेंबर ही तारीख.

त्याच दुपारी मुख्याध्यापिकांच्या खोलीत चौघं बसले. केसरीनाथ, मृणाली मॅडम, धम्मदिना आणि दाराशी स्टुलावर बाळाराम. केसरीनाथांनी पोर्टलची प्रिंट डोळ्यांपासून लांब धरून वाचली.

"आला ना डी? मग बोंब कसली? पाठवून द्या ह्यो."

"तारीख, साहेब," मृणाली मॅडम म्हणाल्या. "सामने सप्टेंबर ते नोव्हेंबर. हे आजचं आहे."

"पीटीचे सर हायेत ना आपले? त्यांच्याकडं बी. पी. एड. हाय. तेच मुख्य होते म्हणून सांगा."

"बी. पी. एड. शिक्षकाच्या नोकरीला लागतं," धम्मदिना म्हणाली. "बेंचवर बसायला डीच लागतं. ते वेगळं, हे वेगळं. आणि यादीवर नाव माझं आहे."

"काय गो एकेक फंदं," केसरीनाथ म्हणाले. "आमच्या वक्ताला गावात बॉल आणला त्यो कोच."

मृणाली मॅडमनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. त्यांनी आदल्या रात्रीच वकिलाला विचारलं होतं. "खुलासा असा आहे. कार्यालयीन कर्मचाऱ्याने नजरचुकीने दुसऱ्या सर्टिफिकेटचा क्रमांक टाकला. प्रशिक्षकांना आणि शाळेला कल्पना नव्हती. प्रशिक्षकांकडे आता वैध डी आहे. दिलगिरी. लीगचे लोक ओळखीचे आहेत. दंड करतील, रविवार होऊन जाईल. बाळारामला मेमो द्यावा लागेल, कागदोपत्री."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. बाळारामने दोन्ही हात मांड्यांवर ठेवले होते. निवृत्तीला त्याचे चौदा महिने राहिले होते.

"मेमोचा काय," तो म्हणाला. "मीच टाकला ना नंबर. मॅडमनी तवा सांगितलेलं, लायसन न्हाय म्हणून. पण टाकला मीच."

"सांगितलेलं?" मृणाली मॅडमनी धम्मदिनाकडे मान वळवली.

"हो. मी सांगितलं, आणि मग मीच टाका म्हणाले. वाचून सही केली."

"हे या खोलीबाहेर कुणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही."

"मग झालं तर," केसरीनाथ म्हणाले. "मॅडम, ऐका माझं. कागदाचा मामला हाय, कागदानं मिटवायचा. तुम्ही महाराष्ट्राकडून खेळलात. डी नव्हता म्हणून तुम्हाला शिकवता येत नव्हतं का?"

हा प्रश्न त्यांनी उत्तरासाठी विचारला नव्हता. तरी तिने त्यावर विचार केला. बाहेर शेडमध्ये शिफ्ट बदलत होती. खडखडाट क्षणभर पातळ झाला आणि पुन्हा भरला.

"नव्हतं येत," ती म्हणाली.

"काय?"

"मला खेळता येत होतं. शिकवता येत नव्हतं. ते सहा दिवसांत थोडंसं आलंय. फॉर्मवर लिहिलं होतं ते खोटं होतं, नुसता नंबर चुकलेला नव्हता."

मृणाली मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "धम्मदिना, नीट ऐक. असं लिहून दिलंस तर सामने जातील. मुलींचे. त्यांनी काही केलेलं नाही. तुझ्या एका वाक्यासाठी अठरा मुलींचा रविवार."

हे खरं होतं. त्या खोलीत त्या दिवशी बोललेल्या सगळ्या वाक्यांत सगळ्यात खरं तेच होतं. धम्मदिनाने कागद पुन्हा वाचला. 'प्रशिक्षकांना कल्पना नव्हती.' खाली दोन सह्यांची जागा होती, एक तिची, एक बाळारामची. त्याच्या सहीची जागा खालच्या अंगाला, छोटीशी.

"मी यावर सही करत नाही," ती म्हणाली. "माझा खुलासा मी लिहिते."

"लिही," मृणाली मॅडम म्हणाल्या. "पण मग जूनचा करार विसर."

"बरं."

ती 'बरं' इतक्या सपाट आवाजात म्हणाली की केसरीनाथांनी चमकून पाहिलं. त्यांना रडणारी, भांडणारी, हात जोडणारी माणसं समजत. ही त्यांना समजली नाही.

खुलासा तिने कार्यालयातच लिहिला, हाताने, नऊ ओळींत. बारा ऑगस्टला आपल्याकडे डी नव्हतं, हे आपल्याला माहीत होतं. क्रमांक आपल्या सांगण्यावरून टाकला. कर्मचाऱ्याची चूक नाही. सोबत सतरा डिसेंबरच्या लायसनची प्रत. कारवाई आपल्यावर व्हावी, संघाबाबत समितीने सहानुभूतीने विचार करावा. शेवटची ओळ लिहिताना तिला ठाऊक होतं की नियमात सहानुभूतीचं कलम नाही.

बाळारामने कागद स्कॅन केला. पाठवायच्या आधी त्याचं बोट माउसवर थांबलं.

"मॅडम, मेमो मला चालला असता. चौदा महिन्यांत मेमो कोण वाचतो?"

"मला माहीत आहे."

"मग?"

"पाठवा, बाळारामभाऊ."

त्याने पाठवलं.

शुक्रवारी संध्याकाळी निर्णय आला. गटातले चारही सामने तीन-शून्यने प्रतिस्पर्ध्यांना बहाल. उपांत्य फेरीत कल्याणची शाळा. प्रशिक्षकाला लीगच्या बेंचवर एक वर्ष बंदी. प्रकरण पुढे, माहितीसाठी, राज्य संघटनेकडे. खेळाडूंवर कारवाई नाही.

रात्री ओमकारचा मेसेज आला : 'मॅडम, हरकत सरांनी घेतली. मी फक्त डब्याच्या वेळचं शाळेत एकाला सांगितलेलं, ते सरांच्या कानावर गेलं. सॉरी.' तिने लिहिलं : 'बरोबर केलं. रविवारी तुमच्या डावीकडे जागा सुटते, बघा.' पाठवल्यावर तिच्या लक्षात आलं की हे त्याला टोमण्यासारखं वाटेल. तो टोमणा नव्हता. खरंच सुटत होती.

शनिवारी सकाळी साडेसहाला अठराच्या अठरा मुली मैदानात होत्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. तिने सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, तारखांसह, फॉर्मपासून. बाळारामचं नाव घेतलं नाही.

"म्हणजे मॅडम, उद्या मॅच नाय?" मागून एकीने विचारलं.

"नाही."

"अम्मीने उद्यासाठी लूमवर सुट्टी टाकली," शगुफ्ता म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि तो योग्य माणसाकडे रोखलेला होता. "मॅडम, गोल हमने मारे. तुमच्या लायसनने नाय मारले."

"हो."

"मग आमचे का काढले?"

"मी खोटं लिहिलं म्हणून."

"तर तुम्ही नंतर खरं कशाला लिहिलं? सोमवारी लिहायचं ना."

दोन-तीन मुली हसल्या, मग ओशाळल्या. धम्मदिनाला बाळारामचं सांगता येत नव्हतं. तीन वर्षं मी तुम्हाला माझ्याकडे बघायला शिकवलं, हे सांगता आलं असतं. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला उद्याच्या सामन्याच्या बदल्यात ते द्यायचं म्हणजे तिला फसवणंच होतं.

"तुझा राग बरोबर आहे," ती म्हणाली.

शगुफ्ता उठली, बॅग उचलली आणि फाटकाकडे चालू लागली. तिच्या मागे आणखी चौघी उठल्या. फाटकावरच्या फ्लेक्सखालून त्या रस्त्यावर गेल्या आणि ट्रकांच्या रांगेमागे दिसेनाशा झाल्या. राहिल्या तेरा. त्या बसूनच होत्या. काही गवत उपटत होत्या, काही धम्मदिनाकडे बघत होत्या, नेहमीसारख्या.

करार मेअखेरपर्यंत होता. बंदी लीगच्या बेंचवर होती, मैदानावर नव्हती. धम्मदिनाने कोन मांडले, चौकोन केला, आठ विरुद्ध चार लावले आणि एक जण रेषेबाहेर ठेवली, पाळीने आत यायला. चौथ्या मिनिटाला एका मुलीने पास अंगावर घेतला, पाठ वळवून. तिने शिट्टी मारली. सगळ्या जागच्या जागी थांबल्या.

"मागे कोण आहे?"

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. धम्मदिना रेषेच्या बाहेर उभी होती. हात पाठीमागे होते.

"माझ्याकडे नको. मागे."

मुलीने मान वळवायला बराच वेळ घेतला. धम्मदिना तेवढा वेळ थांबली.